तूप कढवणं (घरगुती पद्धत)

तूप कढवणं म्हणजे लोणी मंद आचेवर तापवून त्यातलं पाणी उडवणं आणि दुधाचा जो घन भाग उरतो तो बेरी म्हणून खाली बसवून वरचं स्वच्छ स्निग्ध वेगळं काढणं. बाजारातल्या बिनमिठाच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के फॅट, १६ टक्क्यांच्या आसपास पाणी आणि उरलेला थोडासा दुधाचा घन भाग असतो. सायीला विरजण लावून घुसळून काढलेल्या घरच्या लोण्यात पाणी आणि ताक जास्त राहतं, म्हणून ते दोन-तीनदा थंड पाण्यात धुवून घ्यावं, म्हणजे आंबट वास कमी होतो आणि बेरीपण कमी पडते. काहीजण साय तशीच गॅसवर ठेवून तूप काढतात, तेही जमतं, पण वेळ खूप जातो, बेरी ढीगभर निघते आणि त्या बेरीत बरंच तूप अडकून राहतं, त्यामुळे लोणी काढूनच कढवलेलं बरं.

कधी झालं हे ओळखणं हाच यातला खरा अवघड भाग, आणि त्याचं सगळं गणित पाण्यावर आहे. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशाच्या जरा वरच घुटमळतं, कारण गॅसची उष्णता वाफ करण्यातच जाते, म्हणून सुरुवातीला बराच वेळ काही बिघडत नाही. पाणी संपलं की मात्र तापमान भराभर चढतं आणि बेरी एक-दोन मिनिटांत सोनेरीची काळपट होते. शेवटची पाच मिनिटं भांड्यापासून हलायचं नाही ते यासाठी.

समजा अर्धा किलो बिनमिठाचं बटर घेतलं (मिठाचं नको, मीठ सगळं बेरीत उतरतं आणि फेसही त्रास देतो). जाड बुडाचं भांडं घ्यावं, अर्ध्याच्या वर भरू नये कारण फेस वर येतो. मंद ते मध्यम आचेवर वितळलं की पांढरा फेस आणि मोठे बुडबुडे येतात, तडतड आवाज जोरात असतो, खालचं द्रव दुधाळ, गढूळ दिसतं. दहा-पंधरा मिनिटांनी बुडबुडे बारीक होतात, आवाज मंदावतो, फेस बाजूला सारला की खाली पारदर्शक पिवळं दिसायला लागतं. इथून गॅस अगदी बारीक. मग आवाज जवळपास थांबतो, तळाची बेरी बदामी होते, खमंग वास सुटतो आणि पुन्हा एकदा बारीक दाट फेस चढतो. हा दुसरा फेस आला की गॅस बंद, कारण तापलेलं भांडं पुढेही शिजवत राहतं. शंका असेल तर कोरडी थंड स्टीलची ताटली दोन सेकंद वर धरून बघा, तिच्यावर वाफेचा ओलावा धरला तर पाणी अजून आहे. पाण्याचा थेंब टाकून बघायच्या भानगडीत पडू नये, गरम तूप अंगावर उडतं. एवढ्या बटरचं तूप ४०० ग्रॅमच्या जरा खाली भरतं.

कच्चं राहिलं तर चिंता नाही, पुन्हा कढवता येतं. ओळखायचं कसं, तर गार झाल्यावर तळाशी पांढरट ओला थर दिसतो आणि काही दिवसांत आंबूस वास येतो, पण वास यायच्या आधीच कढवा, नंतर तो जात नाही. जळलेल्याला मात्र उपाय नाही, कडवटपणा तुपातच मुरतो. बेरी नुसती गडद बदामी झाली असेल तर लगेच गाळून घेतलं की तूप वाचतं.

गरम असताना झाकण घट्ट लावू नका, आतली वाफ थेंब होऊन परत तुपात पडते. कोमट झालं की कोरड्या बारीक गाळणीतून पूर्ण कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत गाळायचं, तांब्याच्या भांड्यात नको, तांब्यामुळे तूप लवकर खवट होतं. रवाळ हवं असेल तर बरणी रात्रभर हलवू नका आणि लगेच फ्रीजमध्येही टाकू नका, सावकाश गार झालं की लवकर गोठणाऱ्या फॅटचे मोठे कण बनायला वेळ मिळतो, झटपट गार केलं तर गुळगुळीत गोळा होतो, चवीला दोन्ही तेच. उकाड्यात वर पातळ आणि खाली कण असे दोन थर झाले तरी ते खराब नसतं.

नीट कढलेलं तूप बाहेर उजेडापासून लांब, झाकण लावून दोन-तीन महिने सहज राहतं, फ्रीजमध्ये त्याहून जास्त. ओला किंवा उष्टा चमचा एकदा जरी बुडवला तरी बुरशी येऊ शकते, म्हणून रोजच्या वापराची छोटी बरणी वेगळी ठेवावी आणि मोठीचं झाकण छोटी रिकामी झाल्यावरच उघडावं.