घड्याळातला रात्रीचा आलेख कसा वाचायचा?

नवी पेठेतल्या आमच्या दुकानातून हृदयाचे ठोके मोजणारं स्मार्ट घड्याळ नेलेले ग्राहक आठवडाभरात मोबाईल पुढे करून विचारतात, "काल रात्री ठोके वाढलेत, डॉक्टरांकडे जाऊ का?" हे पत्रक त्यासाठी.

एका रात्रीवरून काही ठरत नाही. आधी दोन-तीन आठवडे घड्याळ घालून झोपा आणि झोपेत मिनिटाला किती ठोके पडतात हा तुमचा नेहमीचा आकडा ओळखा. शेजाऱ्याचा ५२ असला म्हणून तुमचाही तेवढाच हवा असं नाही.

समजा, झोपेतले तुमचे ठोके सरासरी ५८ ते ६२ असतात. एका सकाळी ७१ दिसले. आलेख उघडा. एरवी झोप लागल्यावर रेघ हळूहळू उतरते आणि बहुतेकांची उत्तररात्री सगळ्यात खाली जाते. आदल्या रात्री लग्नाचं जेवण साडेअकराला झालं आणि आल्या आल्या आडवे झालात, तर रेघ बराच वेळ वरच राहते, कारण पचनाचं काम चालू असतं. दारू आणि ताप यांनीही असंच होतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला, की अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, म्हणून ठोके चढतात. दोन-तीन दिवसांत आकडा ६० च्या आसपास आला, तर विषय संपला.

तोच आकडा ताप नाही, उकाडा नाही, औषध बदललेलं नाही, तरी आठ-दहा दिवस ७० च्या वरच राहिला आणि जिना चढताना दम लागू लागला, तर मात्र डॉक्टरांना विचारा. रक्त कमी असणं किंवा थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असणं ही त्यामागची नेहमीची कारणं. ती रक्ततपासणीत कळतात, घड्याळात नाही.

मध्येच एखादी सुईसारखी उभी रेघ १४० ला टेकून लगेच खाली आली, तर आधी पट्टा बघा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारं असावं. दिवसा बसल्या जागी असा आकडा दिसला, तर मनगटावर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. शांत बसूनही ते वारंवार १०० च्या वर भरले, ठोक्यांची लय अडखळत वाटली किंवा घड्याळ अनियमित ठोक्यांची सूचना पुन्हा पुन्हा देऊ लागलं, तर ईसीजी काढून घ्या.

'गाढ झोप ४० मिनिटं' हे वाचून मात्र झोप उडवून घेऊ नका. घड्याळ हालचाल आणि ठोक्यांवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. त्यापेक्षा घरचे म्हणतात ते ऐका: मोठ्याने घोरता, मध्येच श्वास अडकतो आणि दुपारी बसल्या बसल्या डुलक्या येतात, तर आलेख चांगला असला तरी दाखवून या.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, अचानक दम लागणं यात आलेख बघत बसू नका. १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे जाताना एका रात्रीचा नव्हे, महिन्याचा आलेख न्या आणि चालू गोळ्यांची यादीही. बीपीच्या काही गोळ्या ठोके कमी करतात.