‘पण’च्या आधीचा अर्धविराम आला कुठून?

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत निबंधाच्या वह्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. बहुतेक वह्यांत ‘पण’ आला की त्याआधी अर्धविराम असतो आणि एरवी पानभर नुसते स्वल्पविराम. शाळेत घोकलेला नियम मुलांनी इमानेइतबारे पाळलेला असतो. त्याचा उगम माहीत असला, तर तो कुठे पाळावा आणि कुठे खुशाल सोडावा, हे ठरवणे सोपे जाते.

सातारकर छत्रपतींच्या काळातला एखादा मोडी कागद पाहा. त्यात विरामचिन्हे नाहीत आणि दोन शब्दांत धड अंतरही नाही. आधी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे, अशी ती पद्धत. तरीही कारकुनाला मजकूर लागत असे, कारण थांबे शब्दच दाखवत. ‘त्यास’ म्हटले की नवा मुद्दा सुरू. ‘म्हणोन’ आले की सांगितलेली हकिकत संपली. ‘जाणिजे’वर आज्ञा पुरी झाली. शिवाय मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे ‘गेला’, ‘आहे’, ‘करावे’ हे शब्दच वाक्याची हद्द सांगतात.

छपाई वाढली तेव्हा चिन्हांची गरज पडली. मराठीत ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात असलेल्या या अधिकाऱ्याने ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५० साली काढली. ही चिन्हे इंग्रजीवरून घेतलेली, आणि त्या काळच्या इंग्रजी व्याकरणांचा पाया श्वासाचा होता. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणात तर हिशेबच दिला आहे: अर्धविरामाला स्वल्पविरामाच्या दुप्पट थांबायचे, अपूर्णविरामाला त्याच्या दुप्पट, पूर्णविरामाला आणखी दुप्पट. मोठ्याने वाचणाऱ्यासाठी हे ठीकच होते. ‘but’ च्या आधी अर्धविराम देणे हीही तेव्हाच्या इंग्रजीतली रुळलेली रीत. पुढे इंग्रजीने तिथे बहुतेक वेळा स्वल्पविरामावर भागवले; आपल्या शालेय व्याकरणात मात्र ‘ढग खूप गर्जत होते; पण पाऊस पडला नाही’ या धर्तीचे उदाहरण ठाण मांडून राहिले.

एकोणिसाव्या शतकातल्या निबंधांत तो नियम शोभलाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर ज्या पिढीतले, तिची वाक्ये ऐसपैस असत. एकेका वाक्यात पाच-सहा उपवाक्ये आणि त्यांच्या पोटात पुन्हा स्वल्पविराम. मोठ्या सांध्याला मोठे चिन्ह लागणारच. आजच्या दहा शब्दांच्या वाक्यात ‘पण’च्या आधी स्वल्पविराम पुरतो, असे माझे मत आहे. परीक्षकाला शाळेतला नियम प्रिय असण्याची शक्यता धरून कोणी अर्धविराम दिला, तर त्यालाही चूक म्हणता येणार नाही.

खरी गडबड ‘पण’ नसतो तिथे होते. निबंधात असे वाक्य आले समजा: ‘वेण्णा माहुलीला, कोयना कऱ्हाडला, वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, धरणांतून विसर्ग वाढला, की सांगलीत पाणी चढते, लोक एकाच ठिकाणाकडे बघतात, आयर्विन पुलाकडे.’ इथे एकच चिन्ह तीन निरनिराळी कामे करते. नद्यांची यादी कुठे संपली आणि नवे विधान कुठे सुरू झाले, हे ‘विसर्ग’ शब्दापर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही.

आता क्रियापदे मोजू. ‘मिळते’ हे पूर्ण क्रियापद आहे, ‘चढते’ आणि ‘बघतात’ हीही तशीच. त्यांच्यावर वाक्य संपू शकते आणि पुढे जोडणारा शब्दही नाही, म्हणून तिथे स्वल्पविराम कमी पडतो. ‘वाढला’सुद्धा पूर्ण क्रियापदच, पण ‘की’ने ते पुढच्या वाक्याला बांधले आहे, तिथे स्वल्पविराम राहू दे. ‘मिळून’, ‘वाढल्यावर’ अशी रूपे असती, तर ती स्वतःच पुढे ढकलतात, अर्धविरामाचा प्रश्नच आला नसता. दुरुस्त वाक्य असे होईल: ‘वेण्णा माहुलीला, कोयना कऱ्हाडला, वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते; धरणांतून विसर्ग वाढला, की सांगलीत पाणी चढते. तेव्हा लोक एकाच ठिकाणाकडे बघतात – आयर्विन पुलाकडे.’

शेवटच्या जागी अर्धविराम चालला नसता, कारण ‘आयर्विन पुलाकडे’ हे वाक्य नाही. आधी अर्धवट सांगून मग उलगडायचे असेल तिथे अपसारणचिन्ह, म्हणजे आपला नेहमीचा डॅश. वाक्याच्या मध्ये दोन डॅश घालून मजकूर कोंबणे इंग्रजीत खपते, मराठीत जपून करावे. कर्ता सुरुवातीला आणि क्रियापद शेवटी असल्यामुळे मधला तुकडा लांबला की दोघांची ताटातूट होते. चार-पाच शब्दांचा तुकडा चालतो. त्याहून मोठा असेल, तर त्याचे वेगळे वाक्य करावे. हाताने लिहिताना डॅश जोडशब्दातल्या छोट्या रेघेहून स्पष्ट लांब काढावा, दोन्हीकडे जागा सोडून. नाहीतर ‘ठिकाणाकडे-आयर्विन’ असा भलताच समास तयार होतो.