डीनॉइझने बारकावे परत येतात का?

"अंधारातला व्हिडिओ दाणेदार आला तर डीनॉइझ पूर्ण वाढवा, दडलेलं सगळं दिसायला लागतं."

तसं होत नाही. डीनॉइझ म्हणजे व्हिडिओतले दाणे कमी करणारा फिल्टर. कमी उजेडात सेन्सरवर प्रकाशच थोडा पडतो, दाणे त्यातूनच येतात. फिल्टर शेजारच्या पिक्सेलची किंवा लागोपाठच्या फ्रेमची सरासरी काढतो. स्थिर भिंतीच्या 4 फ्रेम मिसळल्या तर दाणे साधारण निम्मे होतात, भिंतीचं काही बिघडत नाही. पण समईशेजारी बसलेल्या आजीच्या पैठणीची जर दाण्यांएवढीच बारीक, तीही पुसली जाते. हात हलला की मागे पुसट सावली ओढली जाते.

एकच फ्रेम मोठी करून फिल्टरआधी आणि नंतर केस आणि पैठणीची जर ताडून बघा. गाल मेणाचे वाटले की डीनॉइझ कमी करा. मी थोडे दाणे ठेवतोच.