रिटर्न पार्सलमध्ये वापरलेली किंवा बदललेली वस्तू आली तर परतावा नाकारण्याचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

ऑनलाइन विक्रेत्याने पाठवलेल्या वस्तूचा सिरीयल नंबर रवाना करण्याआधीच त्या ऑर्डरशी जोडून नोंदवलेला असेल, तरच ग्राहकाला परतावा नाकारण्यासाठी विक्रीच्या प्लॅटफॉर्मकडे केलेला अर्ज टिकतो. नंबर इनव्हॉइसवर छापलेला असेल तर उत्तम. पॅकिंगच्या वेळी वस्तू आणि पार्सलचे लेबल एकाच चौकटीत येईल असा फोटो काढलेला असला तरी चालते. नुसत्या खोक्यावरच्या नंबराचा फोटो कमी पडतो, कारण खोके तेच ठेवून आतली वस्तू बदलता येते.

रिटर्न आले की आधी बंद पार्सलच्या सहाही बाजू व्हिडिओत घ्या. टेप आणि लेबल स्पष्ट दिसू द्या. मग व्हिडिओ मध्येच न थांबवता पार्सल उघडा आणि वस्तूवरचा नंबर वाचता येईपर्यंत चित्रण चालू ठेवा. टेप फाटलेली असेल तर पार्सल घेतानाच कुरियरच्या पावतीवर तसा शेरा मारून घ्या. वस्तू वाटेत बदलली गेली असेल तर दोष ग्राहकाचा नसतो.

हार्ड डिस्कचे उदाहरण घेऊ. स्टिकरवरचा नंबर इनव्हॉइसशी जुळतो, पण स्टिकरच्या कडा उचललेल्या आहेत आणि स्क्रूंवर ओरखडे आहेत. अशा वेळी डिस्क लिनक्स संगणकाला जोडून टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा द्या आणि आतला नंबर वाचा (`/dev/sdb` च्या जागी तुमच्या डिस्कचे नाव टाका) :

```
sudo smartctl -a /dev/sdb
```

इथे `Serial Number` समोरचा नंबर स्टिकरपेक्षा वेगळा निघाला, तर स्टिकर दुसऱ्या डिस्कवर चिकटवला आहे. नंबर जुळला पण `Power_On_Hours` समोर शेकडो तास दिसले, तर डिस्क तीच आहे, मात्र भरपूर वापरलेली. ही दोन प्रकरणे वेगळी आहेत. पहिल्यात पूर्ण नकार मागता येतो. दुसऱ्यात बहुधा कपातच मिळते, म्हणून अर्जात योग्य कारण निवडा.

आरोप करण्यापूर्वी परत आलेला नंबर स्वतःच्या विक्री नोंदींत शोधा. तो दुसऱ्याच ऑर्डरवर सापडला, तर पॅकिंगच्या टेबलावर दोन वस्तूंची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. मग अर्ज करू नये.

अर्जाला इनव्हॉइस, पाठवतानाचा फोटो, उघडतानाचा व्हिडिओ, रिटर्नच्या लेबलचा फोटो आणि तुलनेचा फोटो जोडा. तुलनेत डावीकडे पाठवलेला नंबर, उजवीकडे आलेला नंबर ठेवा आणि दोन्ही खाली टाइप करून लिहा. 0 आणि O, 8 आणि B, 5 आणि S यांत तपासणाऱ्याची गफलत होते. मूळ फोटोही स्वतंत्र द्या. चॅटमधून फिरलेल्या फोटोंची तारीख-वेळेची माहिती अनेकदा गळून पडते आणि बारीक अक्षरे पुसट होतात.

मजकूर असा पुरे : ‘अमुक ऑर्डरमध्ये अमुक नंबरची डिस्क पाठवली. रिटर्नमध्ये अमुक नंबरची आली. पुरावे सोबत.’ ‘चोरी’, ‘फसवणूक’ हे शब्द नकोत, कारण फोटो नंबर वेगळा असल्याचे दाखवतात, तो कोणी बदलला हे नाही.

मुदत बहुतेक ठिकाणी रिटर्न हाती पडल्यापासून थोड्याच दिवसांची असते, म्हणून पार्सल त्याच दिवशी उघडा. निकाल लागेपर्यंत आलेली वस्तू, खोके आणि टेपसुद्धा जपून ठेवा. फेरतपासणीत वस्तू मागवली जाऊ शकते.