तालमीचे टिपण: दुरुस्ती कोणती आणि रियाजाचे उद्दिष्ट कोणते?

गाण्याच्या तालमीचे ध्वनिमुद्रण घरी ऐकून आठवड्याचे टिपण करताना अनेक विद्यार्थी दुरुस्ती आणि उद्दिष्ट एकाच रकान्यात लिहितात, कारण गुरुजींच्या तोंडून दोन्ही सूचनेच्याच रूपात येतात. दुरुस्ती ही बंदिशीतल्या किंवा आलापातल्या एका नेमक्या जागी झालेल्या चुकीला चिकटलेली असते. उद्दिष्ट मात्र पुढच्या तालमीपर्यंत गळ्यात काय बसले पाहिजे, हे सांगते.

समजा, भूप रागाची मध्यलय तीनतालातली बंदिश चालू आहे आणि आलापात गुरुजी थांबवून म्हणतात, "धैवतावर बसू नकोस, देशकार दिसायला लागला." ही दुरुस्ती आहे. दोन्ही रागांचे स्वर सा रे ग प ध हेच असले, तरी भूपाचा वादी गंधार आणि देशकाराचा धैवत असल्यामुळे धैवतावरचा लांबलेला ठहराव राग बदलून टाकतो. टिपणात केवळ "धैवत सुधारणे" असे लिहिले, तर स्वर बेसूर लागला होता असा उलटाच अर्थ निघेल. "आलापात ध वर न थांबता प वरून ग कडे यावे" असे लिहिले, म्हणजे जागा आणि कारण दोन्ही टिकतात. देशकाराचे नाव येथे तुलनेपुरते आले आहे. ते नेमून दिलेल्या रागांत जाऊ नये. (ही चूक मी स्वतः केली आहे आणि आठवडाभर नको तो राग घोटला आहे.)

दुरुस्तीची खरी अडचण अशी की ती पुष्कळदा शब्दांत नसतेच. "असं नाही, असं घे" एवढेच बोलणे लेखी उतरते आणि दोन "असं"नंतर गायलेल्या संगती गळून पडतात. तेथे ध्वनिमुद्रणातील मिनिट-सेकंद नोंदवून दोन्ही संगती स्वरलिपीत लिहाव्या लागतात.

तानेच्या बाबतीत एकाच वाक्यात दोन्ही येतात. "समेवरून सुटलेली तान पळते, मुखडा आधीच येतो, ती दुगुणीत रोज ठेक्याबरोबर घोट." मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेवर उठत असेल, तर आठ मात्रांत सोळा स्वर बसले पाहिजेत, लय चढल्याने ते लवकर संपतात, ही दुरुस्ती झाली. ठेक्याबरोबर रोज घोटून मुखडा नवव्या मात्रेवरच पकडणे हे उद्दिष्ट झाले. किती वेळा, हे गुरुजींनी सांगितले नसेल, तर आपण ठरवलेला आकडा कंसात ठेवावा, म्हणजे तो त्यांचा समजला जाणार नाही.

नेमून दिलेल्या गाण्याचा रकाना सहसा सोपा असतो. मात्र "अंतरा पुढच्या वेळी पाहू" या वाक्याने या आठवड्यापुरती स्थायीच नेमलेली असते.