लिस्टिंगची हंगामपूर्व डागडुजी (बेळगाव सीमाभाग)

दसरा-दिवाळीच्या विक्रीआधी ऑनलाइन दुकानातील वस्तूंची शीर्षके, टॅग आणि फोटो बदलणे, आणि त्यातल्या कोणत्या बदलाचा खरोखर उपयोग झाला हे तपासणे.

अथणी-निपाणीकडच्या कोल्हापुरी चपलांवरून ही गोष्ट नीट कळते. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत, त्यामुळे अथणीची चप्पलही कोल्हापुरीच. एट्सी या ऑनलाइन बाजारात एका वस्तूला 13 टॅग देता येतात, प्रत्येक जास्तीत जास्त 20 अक्षरांचा. `kolhapuri chappal` 17 अक्षरांत बसते. `kolhapuri chappal women` 23 अक्षरांचे, म्हणून बसत नाही. आपण घरात ‘पायताण’ म्हणतो, पण दूरचे गिऱ्हाईक तो शब्द शोधत नाही. त्याच्यासाठी `leather sandals` हवे.

शीर्षक आणि टॅग यांचे काम वस्तू शोधात दिसण्यापुरते. दिसल्यावर तिच्यावर बोट टेकवायला लावतो तो पहिला फोटो. म्हणून दोन्ही एकाच दिवशी बदलले, तर वाढ कशामुळे झाली ते सांगता येत नाही.

मोठी गफलत मात्र हंगामामुळे होते. कातडी चप्पल भर पावसात कोणी घालत नाही. पाऊस ओसरला आणि सण जवळ आला की मागणी आपोआप चढते. बदलाआधीचे आणि नंतरचे आकडे नुसते शेजारी ठेवले, तर कोणताही बदल गुणकारी वाटतो. यावर उपाय म्हणजे सारख्या खपाच्या आठ चपला निवडून चारांचा फक्त पहिला फोटो बदलायचा आणि चारांना हात लावायचा नाही.

समजा, फोटो बदललेल्या चार चपलांच्या 14 दिवसांतल्या भेटी 400 वरून 640 झाल्या, म्हणजे 60 टक्के वाढ. न बदललेल्या चारांच्या 380 वरून 551, म्हणजे 45 टक्के. नुसत्या हंगामानेच पहिल्या गटाला 580 भेटी मिळाल्या असत्या. फोटोच्या खात्यावर उरतात 60, साधारण दहा टक्के. एवढ्या लहान आकड्यांत तेवढा फरक नशिबानेही पडतो, तेव्हा लगेच सगळे फोटो बदलू नयेत. पुढच्या 14 दिवसांत गटांची अदलाबदल करून पाहावी: जुना फोटो पहिल्या गटाला परत, नवा दुसऱ्याला. फरक फोटोमागे गेला तर तो खरा. पहिल्याच गटात राहिला तर त्या चपलाच मुळात जास्त आवडीच्या. ऑर्डरी 9 च्या 11 झाल्या, यावरून तर काहीच ठरत नाही.

अदलाबदलीसकट चार आठवडे लागतात, म्हणून सुरुवात गणपतीच्या सुमारास करावी लागते. चाचणी चालू असताना किंमत उतरवली किंवा एखाद्या गटालाच जाहिरात लावली, तर तो हिशोब बाद. वहीत तारीख, जुने शीर्षक आणि जुना फोटो जपून ठेवावा, कारण बदल अंगाशी आला तर परत फिरायला तेवढेच लागते.