धातू परत कुठे बसतो? ड्राय सेल, लेड-ॲसिड आणि लिथियम-आयनची पार्श्वभूमी

1991 मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम धातूचा पत्रा नव्हता. आजच्या बहुतेक लिथियम-आयन सेलमध्येही तो नसतो. ज्या धातूच्या जोरावर सगळा खेळ मांडला, तोच वगळायचा हा निर्णय का घ्यावा लागला, हे समजायला आधीच्या दोन सेलकडे एकच प्रश्न घेऊन जावं लागतं: वीज देताना धातू जातो कुठे, आणि चार्ज करताना परत येऊन बसतो कुठे?

ड्राय सेलमध्ये ऋण इलेक्ट्रोड म्हणजे जस्ताचं बाहेरचं डबडंच. तिथे घडतं ते असं:

Zn → Zn²⁺ + 2e⁻

मधली कार्बनची कांडी धन टोकाची म्हणून ओळखली जाते, पण ती स्वतः कशातच भाग घेत नाही, फक्त इलेक्ट्रॉन पोहोचवते. खरी अभिक्रिया तिच्या भोवतीच्या काळ्या मिश्रणातल्या मँगनीज डायऑक्साइडची:

MnO₂ + NH₄⁺ + e⁻ → MnO(OH) + NH₃

ही रचना 1866 च्या ओल्या घटातून आली. 1880च्या दशकात नवसागराचं द्रावण लगद्यात अडकवलं आणि घट आडवा-उलटा करता येऊ लागला. व्होल्टेज तेच राहिलं, सुमारे 1.5. जस्त मात्र द्रावणात उतरून विखुरतं, आणि बाहेर पडलेल्या अमोनियाशी त्याचे स्फटिक बनतात. उलटा प्रवाह दिला तरी ते मूळ जागी सपाट परतत नाही. जिथे प्रवाह जास्त, तिथे सुयांसारखं वाढतं. शिवाय डबडं मधूनच पातळ होऊन भोकं पडलेली असतात, म्हणून तर जुना सेल गळतो. चार्जिंगच्या हिशेबात ड्राय सेल इथेच संपतो.

लेड-ॲसिड बॅटरी त्याआधीची, 1859 ची, आणि ती चार्ज होते ते निव्वळ एका क्षाराच्या स्वभावामुळे. ऋण प्लेट शिशाची, धन प्लेट लेड डायऑक्साइडची. वीज देताना दोन्हींवर एकच पदार्थ तयार होतो:

Pb + HSO₄⁻ → PbSO₄ + H⁺ + 2e⁻

PbO₂ + HSO₄⁻ + 3H⁺ + 2e⁻ → PbSO₄ + 2H₂O

लेड सल्फेट आम्लात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे शिसं जिथून निघालं तिथेच, प्लेटच्या छिद्रांत, क्षार होऊन बसून राहतं आणि चार्जिंगमध्ये त्याच जागी पुन्हा शिसं बनतं. आम्ल मात्र खर्च होतं. म्हणून हायड्रोमीटर कामाला येतो: पूर्ण चार्जला विशिष्ट गुरुत्व 1.28च्या आसपास, उतरलेल्या बॅटरीत साधारण 1.12. बॅटरी महिनोन्महिने उतरलेली पडून राहिली, तर सल्फेटचे बारीक कण मोठ्या कडक स्फटिकांत बदलतात. अशी प्लेट ओळखता येते. चार्जर लावताच व्होल्टेज झपकन चढतं, बुडबुडे लवकर सुटतात, पण गुरुत्व काही वाढत नाही.

शिसं जड आहे, ही तक्रार जुनीच. लिथियम त्याच्या अगदी उलट टोकाला: सगळ्यांत हलका धातू आणि इलेक्ट्रॉन सोडायला अत्यंत उत्सुक. 1970च्या दशकात एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लिथियमचा पत्रा आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांचा चार्ज होणारा सेल बनला. त्यातली धन बाजू खरी नवीन. टायटॅनियम डायसल्फाइडचे थर असतात, लिथियम आयन त्या थरांमध्ये शिरतो आणि सांगाडा न मोडता बाहेर येतो. ऋण बाजूला मात्र जस्ताचीच कहाणी पुन्हा. लिथियम द्रावणात उतरतो, परतताना सपाट न बसता तंतूंसारखा वाढतो. तंतू पडदा भेदून धन बाजूला टेकला की आतल्या आत शॉर्ट होतो, आणि इथला द्रव पाण्याचा नसून पेट घेणारं सेंद्रिय द्रावक असतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस लिथियम धातू वापरणारे असे सेल मोबाइल फोनमध्ये गेले. 1989 मध्ये आगीच्या घटनांनंतर ते परत मागवावे लागले.

यावर दोन वाटा होत्या. धातूला शिस्त लावायची, किंवा धातूच काढून टाकायचा. दुसरी वाट निवडली गेली, आणि ऊर्जेच्या हिशेबाने ती सरळ माघार होती. 7 ग्रॅम लिथियम सुमारे 26.8 ॲम्पिअर-तास वाहून नेतो. तोच लिथियम ग्राफाइटमध्ये ठेवायचा तर LiC₆ या सूत्राप्रमाणे दर लिथियम अणूमागे सहा कार्बन लागतात, म्हणजे 7 ग्रॅमसाठी 72 ग्रॅम ग्राफाइट. ऋण इलेक्ट्रोडचं वजन दहापटीहून जास्त झालं! पण बदल्यात मिळालं ते मोलाचं. पुस्तकाच्या पानांत खूण ठेवावी तसा आयन कार्बनच्या थरांमध्ये शिरतो, त्याची परतण्याची जागा ठरलेली राहते. व्होल्टेजचा तोटाही किरकोळ, कारण भरलेल्या ग्राफाइटचं विभव लिथियम धातूपेक्षा एक-दोन दशांश व्होल्टनेच वर असतं.

ही माघार परवडली ती धन बाजूमुळे. 1980 मध्ये एका ब्रिटिश विद्यापीठात लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आलं होतं. त्याचं विभव लिथियमच्या तुलनेत 4 व्होल्टच्या जवळ, आणि मुख्य म्हणजे लिथियम त्यातच भरलेला. त्यामुळे ऋण बाजूला नुसता कार्बन लावून सेल उतरलेल्या अवस्थेत, हवेत टिकणाऱ्या पदार्थांपासून जुळवता आला. चार्ज करताना:

LiCoO₂ → Li₁₋ₓCoO₂ + xLi⁺ + xe⁻

6C + xLi⁺ + xe⁻ → LiₓC₆

वापरताना दोन्ही उलटतात आणि सरासरी सुमारे 3.7 व्होल्ट मिळतात. कोबाल्टच्या बाजूने व्यवहारात निम्माच लिथियम काढतात. त्यापुढे गेलं की सांगाडा डळमळू लागतो. 4.2 व्होल्टची मर्यादा त्यासाठीच.

सुरुवातीच्या सेलमध्ये ग्राफाइट नव्हतं, कोकसारखा अव्यवस्थित कार्बन होता. कारण द्रावकाचं. प्रॉपिलीन कार्बोनेट ग्राफाइटच्या थरांत शिरून त्यांचे पापुद्रे सुटे करतं. एथिलीन कार्बोनेट घेतलं तर पहिल्या चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर पातळ साय धरते, जी आयनला वाट देते आणि द्रावकाला अडवते. ती धरताना थोडा लिथियम कायमचा अडकतो. ही किंमत प्रत्येक नवा सेल कारखान्यातच चुकवतो.

लिथियम धातू हद्दपार झाला असं मात्र म्हणता येत नाही. गोठणबिंदूखाली किंवा फार वेगाने चार्ज केलं, तर आयन थरांत शिरायला उशीर लावतात, ग्राफाइटचं विभव लिथियमच्या पातळीखाली घसरतं आणि पृष्ठभागावर धातूच साचू लागतो. त्यातला काही परतत नाही, क्षमता घटते, आणि तंतूंचा जुना धोका मागच्या दाराने आत येतो. बॅटरीचं नियंत्रण सर्किट थंडीत चार्जिंग रोखतं किंवा मंद करतं ते यासाठी.

आता पहिली वाट पुन्हा धरली जात आहे: द्रवाऐवजी घन इलेक्ट्रोलाइट, आणि ऋण बाजूला परत लिथियम धातू. वजनाचा मोह समजण्यासारखा आहे. पण कडक सिरॅमिक इलेक्ट्रोलाइटमध्येही सूक्ष्म भेगांतून लिथियमचे तंतू वाढताना दिसले आहेत, आणि प्रवाह जितका जास्त तितका तो धोका वाढतो.